आईची गाठ लहान, तरी काळजी जास्त का?

प्रश्न : माझं वय ३१ आहे. दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत माझ्या उजव्या अंडाशयात साडेपाच सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली होती. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘दोन पाळ्या जाऊ द्या, मग बघू.’ पुढच्या सोनोग्राफीत गाठ नव्हतीच. आता माझ्या आईच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर तिच्या डाव्या अंडाशयात ४.२ सेंटिमीटरची गाठ निघाली. आईचं वय ६३, पाळी जाऊन चौदा वर्षं झाली. तिची गाठ माझ्यापेक्षा लहान, तिला काही दुखत नाही, तरी त्याच डॉक्टरीणबाईंनी खालून सोनोग्राफी करायला लावली, रक्ताची सीए-१२५ ही तपासणी सांगितली आणि चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. शेजारच्या काकू म्हणतात, सुईनं पाणी काढून टाकलं की झालं. मावशी म्हणते, माझी पिशवीच काढली आहे म्हणून मी सुटले. आईला गॅसचा त्रास पूर्वीपासून आहे, त्यामुळे तिला आता प्रत्येक ढेकरेला भीती वाटते. लहान गाठीची एवढी काळजी का?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. मोठी गाठ असलेल्या मुलीला ‘बघू’ म्हणायचं आणि लहान गाठ असलेल्या आईला तपासण्यांना पाठवायचं, हे वरवर पाहता उलटंच वाटतं. याचं कारण असं की अंडाशयातल्या गाठीकडे बघताना डॉक्टर आधी आकार विचारत नाहीत. ही गाठ इथे का आली असावी, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तुमच्या गाठीला एक सरळ कारण होतं. आईच्या गाठीला ते कारण उरलेलं नाही.

तुमच्यापासून सुरुवात करू. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याची एक लहानशी पिशवी वाढते. तिच्यात स्त्रीबीज पिकत असतं. ती साधारण दोन सेंटिमीटरच्या आसपास पोचली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटतच नाही आणि नुसती वाढत राहते. कधी बीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या भागातच पाणी किंवा थोडं रक्त साठतं. सोनोग्राफीत दोन्ही प्रकार गाठ म्हणून दिसतात. पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत ती सहज जाते आणि पुढच्या दोन-तीन पाळ्यांमध्ये शरीर ती आपोआप शोषून घेतं. हा आजार नव्हे, अंडाशयाच्या नेहमीच्या कामातला थोडा अडथळा म्हणा. म्हणून तुम्हाला दोन पाळ्या थांबायला सांगितलं आणि गाठ खरोखर निघूनही गेली.

आता आईकडे वळू. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं आपण धरतो. बीजं संपत आलेली असतात, ती दरमहा पिकणं थांबतं आणि अंडाशय आक्रसत जातं. तरुणपणी तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असलेलं अंडाशय साठीत दोन सेंटिमीटरच्या आसपास उरतं, कधी त्याहूनही लहान. सोनोग्राफी करणाऱ्याला ते शोधावं लागतं. आतून हाताने तपासताना ते लागतही नाही, आणि या वयात लागलंच तर डॉक्टर लगेच पुढची तपासणी सांगतात. पाळी जात असतानाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत अंडाशय अधूनमधून जागं होतं, तेव्हा जुन्या पद्धतीची एखादी गाठ होऊ शकते. चौदा वर्षांनंतर मात्र ‘महिन्याच्या कामातून झाली असेल’ असं म्हणता येत नाही.

मग ती आली कुठून? बहुतेक वेळा अगदी निरुपद्रवी ठिकाणाहून. अंडाशयाच्या पृष्ठभागाचा एखादा कण आत अडकून त्याभोवती पाणी साठतं. अंडाशयाशेजारच्या नळीला लागून पाण्याची थैली तयार होते. कॅन्सर नसलेली, पातळ भिंतीची वाढ होते. कधी तरुणपणापासून तिथेच बसलेली आणि कुणी न पाहिलेली डरमॉइडची गाठही निघते. या सगळ्यांबरोबर कॅन्सरचं नावही यादीत असतं. ते यादीत खाली असलं, तरी तुमच्या वयात जितकं खाली असतं तितकं आता नसतं, कारण अंडाशयाचे बहुतेक कॅन्सर पाळी गेल्यानंतरच्या वयात होतात. नेहमीचं कारण यादीतून गेलं आणि गंभीर कारण थोडं वर सरकलं, म्हणून गाठ लहान असूनही तिचा खुलासा मागावा लागतो.

लगेच घाबरायचं कारण मात्र नाही. पाळी गेलेल्या बायकांमध्ये अशा गाठी समजतो त्यापेक्षा पुष्कळ आढळतात. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात पन्नाशीपुढच्या, काहीही त्रास नसलेल्या १५,१०६ बायकांची वर्षानुवर्षं खालून सोनोग्राफी केली गेली. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या सुमारे १८ टक्के बायकांना कधी ना कधी एका कप्प्याची, नुसत्या पाण्याची गाठ दिसली. अशा गाठींपैकी जवळजवळ ७० टक्के आपोआप नाहीशा झाल्या. गाठ शेवटपर्यंत तशीच साधी राहिली, अशा एकाही बाईच्या त्या गाठीतून कॅन्सर झालेला आढळला नाही. पुढे काहींना कॅन्सर झाला, पण त्याआधी गाठीचं रूप बदललेलं होतं, किंवा गाठ नाहीशी झालेली होती, किंवा कॅन्सर दुसऱ्याच बाजूला निघाला. आईच्या डॉक्टरीणबाई दोन गोष्टी तपासत आहेत, त्या याच : गाठ खरोखर साधी आहे का, आणि ती साधीच राहते का.

पहिली गोष्ट सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून कळते. पोटावरून केलेली सोनोग्राफी पित्ताशयासाठी चांगली असते. आक्रसलेलं अंडाशय मात्र आतड्यातल्या वायूआड लपतं. खालून, म्हणजे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत यंत्राची बारीक कांडी अंडाशयाच्या अगदी जवळ जाते आणि गाठीची भिंत आतून दिसते. त्या आधी लघवी करून यायचं असतं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत सहसा नाही. आईच्या वयाच्या बायका या तपासणीला संकोचतात आणि ‘पोटावरूनच बघा ना’ म्हणतात. आईला जमेल तितकं समजावून सांगा, कारण पुढचा सगळा निर्णय याच चित्रावर उभा असतो.

रिपोर्टमध्ये पाच गोष्टी शोधायच्या असतात : गाठीत एकापेक्षा जास्त कप्पे आहेत का, तिच्यात कुठे घट्ट भाग किंवा भिंतीवर आत वाढलेले कोंब आहेत का, दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत का, पोटात मोकळं पाणी साठलं आहे का, आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा आहेत का. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टप्रमाणे आईची गाठ ४२ मिलिमीटर, एका कप्प्याची आणि पातळ भिंतीची आहे. आत स्वच्छ पाणी आहे, घट्ट भाग नाही, उजवं अंडाशय लहान आणि नेहमीसारखं आहे, पोटात मोकळं पाणी नाही. म्हणजे पाचही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ अशी आहेत. सीए-१२५ चा आकडा १४ आहे, आणि ३५ पर्यंतचा आकडा नेहमीचा समजतात.

हे सगळं एकत्र मांडायचं एक सोपं गणित आहे. १९९० साली लंडनमध्ये इयन जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बसवलं, आणि ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या बायकांसाठी आजही ते वापरतात. तीन आकड्यांचा गुणाकार करायचा. पहिला आकडा सोनोग्राफीचा. वरच्या पाचांपैकी एकही खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३. दुसरा पाळीचा. पाळी चालू असेल तर १, गेली असेल तर ३. तिसरा थेट सीए-१२५ चा आकडा. गुणाकार २०० च्या वर गेला तर बाईला कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या गणितात स्वच्छ दिसतं. समजा, तुमच्याच वयाच्या एका मुलीच्या गाठीत कप्पे आहेत आणि थोडा घट्ट भाग आहे, सीए-१२५ आहे ४०. तिचा गुणाकार ३ गुणिले १ गुणिले ४०, म्हणजे १२०. आता हीच गाठ, हाच रक्ताचा आकडा, पण बाई साठीची. तिचा गुणाकार ३ गुणिले ३ गुणिले ४०, म्हणजे ३६०. गाठीत काहीही बदललेलं नाही, फक्त पाळी गेलेली आहे, आणि संशय तिपटीने वाढला. आईच्या बाबतीत पहिलाच आकडा शून्य असल्यामुळे सगळा गुणाकार शून्य येतो. या क्षणी तरी तिची गाठ निर्धोक बाजूला आहे.

‘या क्षणी’ म्हणण्याचं कारण असं की हे गणित चाळणीसारखं आहे, त्यातून काही निसटतं. सुमारे पाचातला एक कॅन्सर २०० च्या खाली राहू शकतो, विशेषतः अगदी सुरुवातीचा. म्हणून शून्य आलं तरी चार ते सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. आता बऱ्याच रिपोर्टांवर ‘ओ-रॅड्स’ असं लिहून त्यापुढे एक आकडा असतो. तीही गाठीच्या चित्रावरूनच धोक्याची पायरी ठरवायची पद्धत आहे. तो आकडा २ असेल तर धोका एक टक्क्याहून कमी धरतात, ४ किंवा ५ असेल तर थांबत नाहीत.

सीए-१२५ बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या एका आकड्याने घराघरांत विनाकारण झोप उडते आणि कधी विनाकारण निश्चिंतीही येते. सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. पोटाच्या आतल्या अस्तराला कुठेही त्रास झाला की ते रक्तात वाढतं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडने वाढतं, यकृत खराब झालं की वाढतं, हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठलं तरी वाढतं. आपल्याकडे आणखी एक मोठं कारण आहे, पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ पाचशेच्या वर, सीटी स्कॅनवर अस्तर जाड झालेलं, हे सगळं चित्र अंडाशयाच्या पसरलेल्या कॅन्सरशी तंतोतंत जुळतं. तुकड्याची तपासणी होईपर्यंत दोन्हींतलं नक्की काय ते ठरत नाही. तेव्हा नुसत्या वाढलेल्या आकड्यावरून कॅन्सर ठरवता येत नाही.

उलट बाजू त्याहून महत्त्वाची आहे. कॅन्सर अंडाशयापुरताच असतो, अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांचा सीए-१२५ नेहमीसारखाच येतो. आईचा आकडा १४ आला ही चांगली गोष्ट आहे. पण तिच्या गाठीत घट्ट भाग असता, तर १४ वर समाधान मानून कुणीही घरी पाठवलं नसतं.

पुढचा प्रश्न, चार महिन्यांनीच का? उद्या का नाही, आणि वर्षाने का नाही? आठवड्याभरात फरक दिसत नाही आणि वर्ष हा फार मोठा काळ आहे. साधी, एका बाजूची, पाच सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि नेहमीचा सीए-१२५ असेल, तर चार ते सहा महिन्यांच्या अंतराने सोनोग्राफी आणि रक्त पुन्हा बघतात. वर्षभर ती तेवढीच राहिली किंवा लहान झाली, तर सहसा पाठपुरावा थांबवतात. गाठ वाढली, तिच्यात कप्पे किंवा कोंब दिसू लागले, सीए-१२५ चढत गेला किंवा तिच्यामुळे त्रास सुरू झाला, तर ती काढायचं बोलणं सुरू होतं. पुन्हा तपासायला जाताना जुनी फिल्म, जुना रिपोर्ट आणि पित्ताशयाची ती पहिली सोनोग्राफीसुद्धा बरोबर न्या. जमल्यास त्याच केंद्रात त्याच डॉक्टरांकडून करून घ्या. दोन वेगवेगळ्या हातांनी मोजलं की चार-पाच मिलिमीटरचा फरक गाठ न वाढताही पडतो, आणि तेवढ्यावरून घाबरगुंडी उडते.

आता शेजारच्या काकूंची सुई. गाठ पाण्याची आहे तर पाणी काढून टाकावं, हे ऐकायला सरळ वाटतं. पाळी गेलेल्या बाईत मात्र हे करत नाहीत, आणि त्याची कारणं पक्की आहेत. एक, पाणी काढलं तरी भिंत तिथेच राहते आणि गाठ बऱ्याचदा पुन्हा भरते. दोन, त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, कारण पेशी भिंतीतल्या कोंबावर असतात, पाण्यात उतरतीलच असं नाही. तिसरं कारण सगळ्यांत मोठं आहे. अंडाशयाच्या पिशवीत बंद असलेला कॅन्सर हा पहिल्या टप्प्यातला सर्वांत चांगला प्रकार असतो. सुईच्या छिद्रातून तेच पाणी पोटात सांडलं, तर पेशी पोटभर पसरू शकतात आणि बाईचा टप्पा आपल्याच हाताने वर जातो. जिथे नुसत्या शस्त्रक्रियेने काम झालं असतं तिथे मग केमोथेरपीही लागू शकते.

म्हणून या वयात गाठ काढायची ठरली तर ती न फोडता काढायची असते. दुर्बिणीने केली तर पोटाच्या आतच गाठ एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात आणि पिशवीसकट बाहेर ओढतात. तरुण मुलीत नुसती गाठ सोलून अंडाशय वाचवायचा प्रयत्न असतो. साठीच्या बाईत सहसा दोन्ही अंडाशयं आणि दोन्ही नळ्या काढतात, कारण त्यांचं काम संपलेलं असतं. कॅन्सरचा दाट संशय असेल तर दुर्बीण बाजूला ठेवून पोटावर उभा छेद घेतात. सगळं पोट बघतात, धुऊन पाणी तपासायला घेतात, गर्भाशय आणि ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा काढतात आणि जागोजागचे तुकडे घेतात. ही शस्त्रक्रिया कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या हातांनीच व्हायला हवी, म्हणून त्या २०० च्या रेषेला एवढं महत्त्व आहे.

मावशींच्या ‘पिशवी काढली, सुटले’ या बोलण्याकडे मला जास्त लक्ष वेधायचं आहे. हा समज महाराष्ट्रात घरोघरी आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण २०१९ साली राज्यभर चर्चेला आलं, तेव्हा कळलं की कित्येक बायकांना आपलं नेमकं काय काढलं हेच माहीत नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशयं त्याच्या दोन बाजूंना वेगळी असतात आणि पिशवी काढताना ती पुष्कळदा तशीच ठेवतात. चाळिशीच्या आतल्या बाईत तर ठेवायलाच हवीत, नाहीतर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाचा धोका वाढतो. मावशींची अंडाशयं ठेवली असतील, तर त्यांच्यातही गाठ होऊ शकते. उलट त्यांची पाळी ऑपरेशननेच थांबली असल्यामुळे अंडाशयाचं काम खरं कधी थांबलं ते त्यांना कळणारही नाही. अशा बाईचं वय पन्नाशीपुढे गेलं की डॉक्टर तिला पाळी गेलेली धरतात. मावशींना डिस्चार्ज कार्ड आणि काढलेल्या भागाचा बायोप्सी रिपोर्ट शोधायला सांगा. त्यात काय काय आलं होतं ते लिहिलेलं असतं. कागद सापडले नाहीत तर सोनोग्राफीत दिसेल.

राहिला आईच्या गॅसचा प्रश्न, आणि या सगळ्यांत अवघड तोच आहे. अंडाशय पोटाच्या तळाशी मोकळ्या जागेत असतं. आजूबाजूला जागा भरपूर, म्हणून गाठ लिंबाएवढी झाली तरी काही जाणवत नाही. शिवाय या कॅन्सरच्या सगळ्यांत नेहमीच्या प्रकाराची सुरुवात बहुधा अंडाशयाला लागून असलेल्या नळीच्या टोकाशी होते. तिथून सुटलेल्या पेशी पोटातल्या पाण्यात तरंगत आतड्यांवर, ओमेंटमवर जाऊन बसतात. त्यामुळे तक्रारी पोटाच्या असतात, बाईला त्या पचनाच्या वाटतात आणि औषधाच्या दुकानातून गॅसची गोळी येते. पोट फुगल्यासारखं, गच्च झाल्यासारखं वाटतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं. ओटीपोटात किंवा पोटात दुखत राहतं. लघवीला सारखं आणि घाईने जावं लागतं. या चार तक्रारींना पूर्वी कुणी या आजाराशी जोडत नसे. अमेरिकेतल्या बार्बरा गॉफ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसलं की तक्रारी त्याच असल्या तरी कॅन्सर असलेल्या बायकांत त्या वेगळ्या तऱ्हेने येतात. त्या नव्या असतात, म्हणजे वर्षाच्या आत सुरू झालेल्या. आणि त्या वारंवार असतात, महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस.

म्हणून आईला एवढंच विचारा : हा गॅस तुझा जुनाच आहे का? वीस वर्षांपासून हरभऱ्याची डाळ खाल्ली की पोट फुगतं आणि ओवा खाल्ला की उतरतं, तर ती सवय झालेली तक्रार आहे. पण साठीत पहिल्यांदाच, दोन-तीन महिन्यांपासून, काय खाल्लं याच्याशी संबंध नसताना, जवळजवळ रोज पोट गच्च असेल, तर ते वेगळं. साठीपुढे पहिल्यांदाच आतड्याचा चिडखोरपणा सुरू होणं फार क्वचित घडतं, त्यामुळे त्या वयात ‘आयबीएस’ म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी सीए-१२५ आणि सोनोग्राफी व्हायला हवी. घरात लक्षात येण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. परकराची नाडी वरचेवर सैल बांधावी लागते, त्याच वेळी ब्लाउजच्या बाह्या मात्र सैल पडत जातात. हात आणि गळा उतरतो आणि पोट वाढतं, तेव्हा ती चरबी नसते, पोटात पाणी साठत असतं. चरबी पोटापुरतीच वाढून हात बारीक करत नाही. सुनांना-मुलींना हे आधी दिसतं, कारण त्या आईला पाठीमागून, कपडे वाळत घालताना बघतात.

पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून लाल जाणं, अगदी एक डाग असला तरी, कधीच नेहमीचं नसतं. त्यात बहुतेक वेळा गर्भाशयाचं अस्तर तपासतात. पण अंडाशयातल्या काही गाठी स्त्री-संप्रेरक तयार करतात आणि त्या अस्तराला फुगवून रक्तस्राव घडवतात, म्हणून त्या वेळी अंडाशयंही बघायलाच हवीत.

‘मग दरवर्षी सगळ्यांची सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून टाकावी,’ असं तुम्हाला वाटेल. हा प्रयोग झालेला आहे. ब्रिटनमध्ये पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या दोन लाखांहून जास्त बायकांवर तो वर्षानुवर्षं चालला आणि २०२१ साली अंतिम निकाल आला. तपासण्या करूनही अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. काही बायकांची मात्र नसलेल्या आजारासाठी शस्त्रक्रिया झाली. म्हणून तक्रार नसलेल्या साध्या बाईला ही वार्षिक तपासणी सुचवत नाहीत. पॅप स्मिअर तर गर्भाशयाच्या तोंडासाठी असते. ती नीट आली म्हणून अंडाशयाबद्दल काहीच कळत नाही.

घरात मात्र एकदा विचारून घ्या. आजी, मावशा, आत्या यांच्यात कुणाला स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला, किंवा कुणाला अंडाशयाचा झाला, तर डॉक्टरांना तसं सांगा. बीआरसीए-१ हे जनुक बिघडलेलं असेल तर बाईला आयुष्यभरात अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते, एरवी ती एक-दोन टक्के असते. अशा घरात आईच्या गाठीचा निर्णय वेगळा होईल आणि तुमच्याही तपासणीचा विचार करावा लागेल.

आईला चार महिने थांबायचं आहे, पण हे थांबणं आंधळं नाही. मधल्या काळात पोट फुगणं किंवा लवकर भरणं रोजचं झालं, वजन प्रयत्नाशिवाय उतरू लागलं, किंवा अंगावरून लाल गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंना दाखवा. आणि एके दिवशी एका बाजूच्या ओटीपोटात अचानक जोराची कळ आली, बरोबर उलट्या झाल्या, तर गाठीचा पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखान्यात न्या.